कामाचा भार आणि मॅनेजर: भांडणानंतरची चाळीस मिनिटं

महिन्याची १० तारीख, संध्याकाळचे साडेसहा. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा अकाउंट्सचा मॅनेजर होतो. डायरेक्टरांना सकाळी लागणाऱ्या खर्चाच्या तक्त्याचे कागद मी टीममधल्या मुलीच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "हा तेवढा आज करून दे." ती म्हणाली, "सर, माझ्याकडून नाही होणार." सगळ्यांसमोर. मीही सगळ्यांसमोरच म्हणालो, "बाकीच्यांना जमतं, मग तुलाच कसं जमत नाही?" तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली. पुढचे चार दिवस आम्ही दहा फुटांवर बसून एकमेकांशी फक्त मेलवर बोललो.

त्यानंतर आम्ही ज्या रीतीने बसून बोललो, ती रीत मी पुढे दुसऱ्या नोकऱ्यांमध्येही वापरली. नोकरीत नव्याने लागलेल्यांसाठी आणि पहिल्यांदाच टीम सांभाळणाऱ्यांसाठी ती इथे लिहितोय. उदाहरण अकाउंट्सचं आहे, कारण मला ते आतून माहीत आहे.

भांडणाआधीची वही

त्या मुलीने एक गोष्ट माझ्याआधी केली होती. दिवाळीनंतर टीममधला एक जण नोकरी सोडून गेला आणि टीडीएस व पीएफ-ईएसआयचं काम तिच्याकडे आलं. ते झेपत नाही हे लक्षात आल्यावर तिने महिन्याच्या १ तारखेपासून एका साध्या वहीत वेळ लिहायला सुरुवात केली.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. वहीच्या पानावर तीन रकाने पुरतात: काम काय, ते कुणी दिलं, किती वेळ गेला. मिनिटांचा हिशेब नको, अर्ध्या तासाच्या हिशेबाने लिहा. मात्र दिवसातून तीन-चारदा लिहा. संध्याकाळी घरी जाताना लिहायला बसलात तर मोठी कामं आठवतात आणि फोन, खेटे, "जरा हे बघ ना" अशी कामं गळून पडतात. खरा वेळ बहुतेक वेळा तिथेच गेलेला असतो.

किती दिवस लिहायचं? दोन आठवडे. पण कुठलेही दोन आठवडे नाही, तुमच्या कामातले सगळ्यात दाटीचे. अकाउंट्समध्ये ते १ ते १५ तारखेचे असतात: ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि ईएसआय. २० ला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरून झालं की जरा श्वास घेता येतो. महिन्याची सरासरी काढली तर ही दाटी दिसतच नाही. महिनाअखेरीला तीच मुलगी सहा वाजता घरी जाताना मी बघायचो, आणि म्हणूनच तिच्यावर भार आहे हे मला पटत नव्हतं.

वहीत मॅनेजरच्या चुका लिहू नका. "आज पुन्हा ओरडले" ही नोंद राग आला म्हणून खरी असेल, पण ही वही पुढे टेबलावर उघडायची आहे. त्या एका ओळीपाशी चर्चा अडकेल आणि आकड्यांपर्यंत पोचणारच नाही.

तिच्या वहीत त्या पंधरवड्यात कामाचे १२ दिवस होते. जेवणाची सुट्टी सोडून दिवसाला ८ तास, म्हणजे हातात ९६ तास. प्रत्यक्षात गेले ११८. जवळजवळ रोज दोन तास जास्त. यातले ३६ तास खरेदीची बिलं टॅलीत चढवण्यात गेले होते, १० तास व्हेंडरच्या पेमेंटमध्ये, १० जीएसटीच्या तयारीत, टीडीएस आणि पीएफ-ईएसआयला प्रत्येकी ७. इथवर मला माहीत असलेली कामं संपली. त्याखाली आणखी तीन ओळी होत्या: व्हेंडरचे फोन १५ तास, स्टोअर्समध्ये १४ तास, अचानक आलेली कामं १९ तास.

वेळ कशी मागायची

भांडण झालं त्याच दिवशी बोलायला जाऊ नका, आणि महिनाभर मनात ठेवूही नका. मधे कामाची मोठी तारीख असेल तर ती जाऊ द्या. तिने १६ तारखेला मला मेसेज केला आणि २२ तारीख मागितली, म्हणजे ३बी भरून झाल्यानंतरची. ही निवड अचूक होती. १८ ला तिने मला बसवलं असतं तर माझं अर्धं लक्ष पोर्टलवर राहिलं असतं.

तिचा मेसेज असा होता:

"सर, १० तारखेला मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. पण काम खरंच अडतंय. १ ते १५ तारखेत माझा वेळ कुठे गेला ते मी लिहून ठेवलंय. ते समोर ठेवून तुमच्याशी बोलायचं आहे. गुरुवारी २२ ला दुपारी तीन वाजता चाळीस मिनिटं मिळतील का?"

यात माफी आहे, पण ती बोलण्याच्या पद्धतीची आहे, काम अडतंय म्हटल्याची नाही. हा फरक नवख्यांकडून फार वेळा सुटतो. सगळ्याचीच माफी मागून बसलं की बोलायला काही उरत नाही. मेसेजमध्ये "माझ्यावर अन्याय होतोय" किंवा "खूप प्रेशर आहे" असं काही नाही. असं वाचलं की मॅनेजर आधीच उत्तर तयार करून येतो. आणि वेळ नेमकी मागितली आहे, "कधीतरी बोलायचं होतं" असं नाही.

जागा मॅनेजरच्या केबिनपेक्षा कॉन्फरन्स रूम किंवा दुपारचं रिकामं कॅन्टीन बरं, म्हणजे दर पाच मिनिटांनी कुणी सही घ्यायला येत नाही. तिसरा माणूस नको. एचआरला पहिल्याच बैठकीत बसवलं की दोघंही एकमेकांशी बोलायचं सोडून त्यांना ऐकवायला बोलतात.

मॅनेजरनेही एक तयारी करायची आहे: आपल्या मते या माणसाकडे कोणती कामं आहेत, त्याची यादी आठवून कागदावर लिहायची. समोरच्याला विचारून नाही. मी माझ्या केबिनमध्ये बसून लिहिली तेव्हा पाच कामं झाली. तिच्या वहीत आठ होती. भांडण झालं त्या संध्याकाळी मी पाच कामांच्या माणसाशी बोलत होतो आणि ती आठ कामांची उत्तरं देत होती.

चाळीस मिनिटांचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो चुकला की दोन मिनिटांत पुन्हा १० तारीख उगवते.

पहिली पाच मिनिटं त्या प्रसंगासाठी. दोघांनी फक्त स्वतःबद्दल बोलायचं. "तू असं म्हणालीस" नाही; "मी तुला बाकीच्यांशी तोललं, ते चुकलं." मी हे म्हणालो तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त मान हलवली. तेवढं पुरतं. इथे जास्त वेळ काढू नका. प्रसंगाची उजळणी सुरू झाली की ती थांबत नाही.

पुढची दहा मिनिटं टीममधल्या माणसाची. वही टेबलावर मधोमध, दोघांना दिसेल अशी. त्याने एकेक काम वाचायचं, मॅनेजरने ऐकायचं. या दहा मिनिटांत मॅनेजरने "हे काय आहे?" एवढंच विचारावं. "याला इतका वेळ का?" हा प्रश्न तोंडापर्यंत येतो, पण तो आत्ता विचारला की समोरचा बचाव करायला लागतो आणि खरी माहिती आत जाते. मी जेमतेम थांबलो, आणि त्यामुळे हे संभाषण झालं:

"स्टोअर्समध्ये चौदा तास? तिथे काय असतं?"

"सर, बिलाबरोबर जीआरएन नसला तर माल आला की नाही कळत नाही, बिल चढवता येत नाही. फोन केला तर 'बघतो' म्हणतात. मग मी जाते, फाइल शोधते, सही घेऊन येते."

"रोज?"

"दिवसातून दोनदा तरी."

जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती. ती देणारं आमचं स्टोअर्स शेडच्या पलीकडच्या टोकाला होतं. दोन वर्षं ही मुलगी दिवसातून दोनदा तिकडे जात होती आणि टेबलावर दिसली नाही की मी समजायचो चहाला गेली असेल. स्टोअर्सचे इन्चार्ज तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांना शिस्त लावणं तिच्या हातात नव्हतं, माझ्या होतं. कामाच्या भारातला असा भाग शोधणं हाच या दहा मिनिटांचा हेतू: जे काम मेहनतीने कमी होणार नाही, फक्त वरच्या माणसाच्या एका शब्दाने होईल.

मग ती अचानक आलेल्या कामांच्या १९ तासांवर आली. "कुणी दिलं" या रकान्यात १५ तासांसमोर माझं नाव होतं. तिने ते मोठ्याने वाचलं नाही. वही थोडी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर पाच-सात मिनिटं मॅनेजरची. त्याच्यावर कुठून काय येतं हे टीमला सांगायला अनेक मॅनेजरांना कमीपणा वाटतो. सांगा. मी तिला सांगितलं की तो तक्ता डायरेक्टर दर महिन्याला ११ च्या सकाळी मागतात, बँकेला स्टॉक स्टेटमेंट जायचं असतं, आणि ऑडिटरची यादी माझ्याकडेही संध्याकाळीच येते. तिने विचारलं, "तक्ता ११ लाच का लागतो?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर मीही कुणाला विचारलं नव्हतं.

उरलेली पंधरा मिनिटं वाटपाची. प्रत्येक काम चारपैकी एका जागी टाकायचं: तारखेला बांधलेलं, तारीख हलवता येणारं, दुसऱ्याकडे जाऊ शकणारं, बंद करता येणारं. तारखेला बांधलेलं म्हणजे चुकलं तर पैसे जातात असं. कापलेला टीडीएस उशिरा भरला तर महिन्याला दीड टक्का व्याज लागतं. त्यावर चर्चा नाही. पण खरेदीचं प्रत्येक बिल ८ तारखेलाच चढवायला हवं का? नाही. ज्यांचं पेमेंट त्या आठवड्यात आहे तेवढी आधी, बाकीची १६ नंतर. महिन्याला साधारण ४०० बिलं यायची. निम्म्याहून जास्त थांबू शकत होती.

या टप्प्यावर टीममधल्या माणसाने "काम कमी करा" असं म्हणू नये. त्याने विचारावं, "यातलं आधी कुठलं, आणि कुठलं मागे राहिलं तर चालेल?" पहिल्या वाक्याला मॅनेजर नाही म्हणू शकतो. दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते ठरवणं हे त्याचंच काम आहे. काय मागे राहणार हे जर टीममधल्या माणसाने मनातल्या मनात ठरवलं, तर चुकलं की जबाबदारीही त्याचीच होते.

आमच्याकडे असं ठरलं. बिलाबरोबर जीआरएन रोज पाच वाजता स्टोअर्सकडून येईल, ते मी त्यांच्या इन्चार्जशी बोलेन. व्हेंडरचे फोन मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते चार; त्याआधी पेमेंटची यादी मेलने जाईल आणि फोन आमचा डेटा एन्ट्रीचा मुलगा घेईल. तक्ता ११ ऐवजी १३ ला चालेल का हे मी डायरेक्टरांना विचारेन. पीएफ-ईएसआय एचआरकडे देण्याचा प्रयत्न करेन. आणि तिच्याकडून एक गोष्ट मी मागितली: एखादं काम होणार नाही असं दिसलं तर सकाळी अकराच्या आत सांग, संध्याकाळी साडेसहाला नको. ती म्हणाली, "मग तुम्हीही काम अकराच्या आत द्या, सर." ते मान्य करणं भाग होतं.

बोलणं घसरतं ती वाक्यं

"बाकीच्यांना जमतं ना." मॅनेजर असाल तर हे वाक्य सोडून द्या. समोरून ऐकू आलं तर बाकीच्यांबद्दल बोलू नका. "त्यांच्याकडचं मला माहीत नाही सर, माझे ११८ तास हे असे गेले," म्हणून वहीवर परत या. सहकाऱ्याला किती काम आहे यावर वाद घातलात तर एक भांडण मिटवायला जाऊन दुसरं घेऊन याल.

"सगळंच अर्जंट आहे." यावर चिडू नका. उद्याच्याच दोन कामांची नावं घ्या: "उद्या संध्याकाळपर्यंत जीएसटीची तयारी आणि हा तक्ता, दोन्हीतलं एकच होईल. कुठलं घेऊ?" सगळ्यातून निवडता येत नाही, दोनातून येतं.

"बघू." हे सगळ्यात धोक्याचं, कारण ते गोड वाटतं. लगेच विचारा, "कधीपर्यंत कळेल, सर?" आणि तारीख वहीत लिहा, त्यांच्या समोर.

आणि एक वाक्य नवख्यांचं स्वतःचं: "ठीक आहे सर, मी मॅनेज करते." बैठक चांगली चालली, मॅनेजर नीट बोलले, की शेवटच्या मिनिटाला भीड वाटून हे तोंडून जातं. वहीतले बावीस जादा तास यामुळे कमी होत नाहीत, फक्त त्यांच्यावर पडदा पडतो.

रडू आलं किंवा आवाज चढला तर बैठक मोडू नका. पाणी प्या, पाच मिनिटं थांबा, वहीच्या ज्या ओळीवर होतात तिथूनच पुढे सुरू करा.

त्याच दिवशी मेल

शेवटची पाच मिनिटं लिहिण्यासाठी आहेत. मेल टीममधल्या माणसाने लिहावा. मॅनेजर लिहील म्हणून थांबलात तर तो बहुधा राहून जातो. आभाराची एक ओळ, मग कामं. तिच्या मेलचा गाभा एवढाच होता:

"आज ठरलं ते असं:
१. स्टोअर्सकडून जीआरएन रोज ५ वाजता. सर बोलतील, सोमवारपर्यंत.
२. व्हेंडरचे फोन मंगळ-शुक्र ३ ते ४. यादी मी पाठवेन.
३. तक्ता १३ तारखेला चालेल का, सर विचारतील, २८ पर्यंत.
४. ५ ते ११ तारखेत फक्त त्या आठवड्यात पेमेंट असलेली बिलं चढवेन.
५. पीएफ-ईएसआयबद्दल सर एचआरशी बोलतील.
पुढच्या महिन्यात २२ ला पुन्हा वीस मिनिटं बसू. तोवर वही चालू ठेवते."

बघा, पाचव्या ओळीला तारीख नाही. तेच काम सगळ्यात जास्त रखडलं.

महिन्यानंतर काय झालं

पुढच्या महिन्याच्या त्याच १२ दिवसांत तिचे ९९ तास भरले. तक्ता १३ ला चालतो म्हणून डायरेक्टरांनी एका वाक्यात सांगितलं. व्हेंडरचे फोन १५ तासांवरून ७ वर आले, आणि पहिले दोन आठवडे लोक वाटेल तेव्हा फोन करतच होते, हेही त्यात धरून. स्टोअर्सचे १४ तास ८ झाले. इन्चार्ज आठवडाभर सुट्टीवर गेले आणि त्यांच्या जागी बसलेल्याला मी सांगायला विसरलो, म्हणून ती पुन्हा खेटे घालत होती. अचानक येणारी कामं कमी झाली, पण थांबली नाहीत: १९ तासांचे १४. ७ ते ११ च्या मधे दोन संध्याकाळी ती आठपर्यंत थांबलीच.

दुसऱ्या बैठकीत हे सगळं वीस मिनिटांत बोलून झालं, कारण आकडे समोर होते. पीएफचं काम एचआरने आधी नाकारलं, एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं तेव्हा घेतलं.

जिथे ही रीत पुरत नाही

सगळं हलवून, वाटून, बंद करूनही तास जास्तच भरत असतील, तर माणूस कमी आहे. त्यावर तुम्ही आणि तुमचे मॅनेजर एकमेकांशी भांडून उपाय निघणार नाही. तीच वही आणि तोच मेल घेऊन मॅनेजरने वर जावं आणि माणूस मागावा. आठवड्याला ४८ तास ही कायद्यातली मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर, हे लक्षात असू द्या. मात्र तुमच्या पदाला ते लागू होतं का, हे नेमणूकपत्र आणि पद पाहून ठरतं, म्हणून पहिल्याच बैठकीत कायदा काढू नका.

अपमान, शिवीगाळ किंवा जात, बाई असणं, गरोदरपण यावरून मुद्दाम जास्त काम दिलं जात असेल तर तो कामाच्या भाराचा प्रश्नच नाही. तिथे वही नेऊन बसू नका. थेट एचआरकडे किंवा कंपनीच्या तक्रार समितीकडे लेखी द्या.

आणि मॅनेजरने दोनदा वेळ मागूनही दिली नाही तर? तिसऱ्यांदा विचारू नका. कामाचा मेल करा, त्यात भावना नको, तारीख हवी: "सर, ११ पर्यंत जीएसटीआर-१ ची तयारी, खर्चाचा तक्ता आणि ८० बिलं, हे तिन्ही माझ्याकडून होणार नाही. तुमचं वेगळं सांगणं आलं नाही तर मी जीएसटी आधी घेईन, तक्ता १३ ला देईन, बिलं १६ नंतर चढवेन." सकाळी अकराच्या आत पाठवा.